कुंडीतल्या झाडांवरची पांढरी माशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडाला हात लावला की पांढरं काहीतरी भुर्रकन उडतं आणि लगेच परत पानाखाली जाऊन बसतं. ही पांढरी माशीच का?

बहुतेक वेळा तीच. पक्की खात्री करायची तर पान अलगद उलटं करून बघा. प्रौढ माशी जेमतेम एक मिलिमीटरची, पंखांवर पांढरी भुकटी आणि अंग फिकट पिवळं असतं. तिच्या आजूबाजूला पानाला घट्ट चिकटलेले, चपटे, फिकट पिवळसर खवले दिसतील. ही तिची पिल्लं. नखाने खरवडल्याशिवाय ती हलत नाहीत.

गल्लत तीन ठिकाणी होते. मावा मोठा होताना कात टाकतो आणि ती पांढरी कात पानावर पडून राहते, पण हात लावल्यावर ती उडत नाही. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्यासारखा देठाच्या बेचक्यात बसतो आणि तोही उडत नाही. तुडतुडे उडतात खरे, पण ते हिरवट असतात आणि पानावर तिरके चालतात. मातीतून उठणारी बारीक काळी चिलटं हा तर निराळाच प्रकार. त्यांचा संबंध पानांशी नसून सतत ओल्या राहणाऱ्या मातीशी असतो.

दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग घेतलंत तर पुढची सगळी कामं सोपी होतात. मोबाइलचा कॅमेराही बराचसा भागवतो.

फवारलं की दोन दिवस सगळं शांत असतं, चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा तितक्याच माश्या. औषध लागू पडत नाही का?

औषध लागू पडलेलं असतं, पण झाडावरच्या सगळ्यांना नाही. पांढऱ्या माशीशी झगडताना ही एक गोष्ट समजली की बाकीचं वेळापत्रक आपोआप ठरतं, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते, बहुतेक कोवळ्या शेंड्याकडच्या पानांवर. अंडं बारीक देठावर उभं असतं आणि तो देठ पानात रुतलेला असतो. उबदार हवेत पाच ते सात दिवसांत अंडं फुटतं. बाहेर आलेलं पिल्लू काही मिलिमीटर रांगतं, सोयीची जागा बघून सोंड खुपसतं आणि तिथेच बसतं. त्यानंतर ते जागचं हलत नाही. रस शोषत, कात टाकत ते मोठं होतं. शेवटच्या अवस्थेत त्याचं खाणं थांबतं, अंग फुगीर होतं आणि भिंगातून दोन लाल डोळे दिसू लागतात. याला कोषावस्था म्हणतात. त्यातून प्रौढ माशी निघते आणि एक-दोन दिवसांत पुन्हा अंडी घालू लागते. हवा २८ ते ३० अंशांच्या आसपास असेल तर अंड्यापासून माशीपर्यंतचा सगळा प्रवास साधारण अडीच ते तीन आठवड्यांत उरकतो. थंडीत तो महिन्याच्या वर जातो.

आता साबण किंवा कडुनिंबाचं तेल काय करतं ते पाहा. साबणाचं पाणी ज्या किड्याच्या अंगावर पडतं तोच मरतो, आणि तेही पाणी ओलं असेपर्यंतच. उघड्या अंगाची लहान पिल्लं आणि प्रौढ माश्या त्यात सापडतात. कडुनिंब पिल्लांची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं आणि माशीला अंडी घालण्यापासून काही प्रमाणात परावृत्त करतं. पण अंड्यांवर आणि कोषांवर दोन्हीचा परिणाम फार कमी होतो. चौथ्या दिवशी दिसणाऱ्या माश्या म्हणजे तुम्ही फवारलंत तेव्हा कोषात असलेल्या. मेलेल्या परत आलेल्या नाहीत, या नव्या आहेत.

मग किती दिवसांनी आणि एकूण किती वेळा फवारायचं?

उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उष्म्यात दर पाच दिवसांनी, ओळीने पाच वेळा. म्हणजे पहिला, सहावा, अकरावा, सोळावा आणि एकविसावा दिवस. थंडीत, रात्रीचं तापमान पंधराच्या खाली जात असेल तर अंतर सात दिवसांचं ठेवलं तरी चालतं, पण फवारण्या सहा कराव्या लागतात.

पाचच दिवस का? अंडं फुटल्यापासून कोष होईपर्यंतचा काळ उबदार हवेत दहा-बारा दिवसांचा असतो. पाच दिवसांच्या अंतराने फवारलं तर प्रत्येक पिल्लू कोषात जाण्याआधी किमान दोनदा फवाऱ्याखाली येतं. पहिल्यांदा एखादं पान सुटलं असेल तर दुसऱ्यांदा सापडतं. अंतर दहा दिवसांचं केलंत तर ही दुसरी संधी जाते. आणि एकवीस दिवस यासाठी की पहिल्या दिवशी घातलेलं शेवटचं अंडंसुद्धा तोवर उबलेलं असतं.

सर्वांत जास्त नुकसान तिसऱ्या फवारणीनंतर थांबल्याने होतं. त्या वेळी झाड अगदी स्वच्छ दिसतं, पण खालच्या पानांवर कोष शिल्लक असतात. पंधरा दिवसांनी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.

एक लिटर पाण्यात नेमकं काय आणि किती घालायचं?

कडुनिंबाचं घाण्याचं तेल ५ मिली, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पातळ साबण २ ते ३ मिली, म्हणजे अर्धा चमचा. पाणी एक लिटर. नुसतं साबणाचं पाणी करायचं असेल तर तेल वगळा आणि साबण ५ मिली घ्या. सुगंधी द्रव्यं, ब्लीच किंवा जास्तीचं तेलकटपणा घालवणारी रसायनं नसलेला साधा साबण हवा. बागकामासाठी मिळणारा पोटॅशियमचा पातळ साबण उत्तम. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, तिच्यातला सोडा पानांच्या कडा जाळतो.

तयार कडुनिंब औषध आणलंत तर बाटलीवरचा पीपीएम आकडा बघून मात्रा ठरवा. १०,००० पीपीएमचं औषध लिटरला साधारण २ मिली पुरतं, ३०० पीपीएमचं ५ मिली लागतं. लेबलवर वेगळी मात्रा दिली असेल तर लेबल पाळा.

गावाकडून निंबोळ्या मिळत असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क घरीच होतो. वाळलेल्या निंबोळ्यांचा ५० ग्रॅम भरडा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळायचा आणि त्यात २ ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवायचा. फडकं एकेरी असेल तर पंपाचं तोंड तुंबतं. हा अर्क त्याच दिवशी संपवा.

तेल पाण्यावर तरंगतं, दुधासारखं होतच नाही.

क्रम उलटा झालेला असतो. आधी पेल्यात तेल आणि साबण एकत्र करून घोटायचं. मग त्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून पुन्हा घोटायचं. ते पांढरट दाट झालं की उरलेलं पाणी हळूहळू ओतायचं. आधी पाणी आणि वर तेल टाकलं तर कितीही हलवा, जमत नाही.

तरीही जमलं नाही तर पाणी तपासा. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो आणि वर करड्या गोळ्या येतात. अशा साबणात तेल धरून ठेवायची ताकद उरत नाही. नळाचं पाणी, साठवलेलं पावसाचं पाणी किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून निघालेलं गोडं पाणी घ्या. त्याच यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र नको, ते आणखी जड असतं. थंडीत तेल बाटलीतच थिजतं, तेव्हा बाटली दहा मिनिटं गरम पाण्यात उभी करावी.

फवारताना दर मिनिटाला बाटली हलवा. नाहीतर पहिल्या कुंडीला नुसतं पाणी आणि शेवटच्या कुंडीला नुसतं तेल मिळतं. उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

पानाच्या खालून फवारणं जमत नाही. बाटली उलटी केली की हवा येते.

चाप ओढायच्या साध्या बाटलीचं असंच होतं, कारण आतली नळी तळापर्यंत जाते आणि बाटली उलटी केली की ती हवेत राहते. एक किंवा दोन लिटरचा दाब भरायचा हातपंप घ्या आणि त्याचं तोंड वर वळवता येतं का हे विकत घेतानाच पाहा. पंप झाडाच्या बुंध्याजवळ खाली धरून फवारा वर सोडायचा, खालच्या पानांपासून सुरुवात करून शेंड्याकडे जायचं.

पंप नसेल तर बाटलीऐवजी कुंडी फिरवा. आठ इंचापर्यंतची कुंडी आडवी करता येते. मातीवर जुनं फडकं दाबून बांधा, कुंडी कुशीवर निजवा आणि समोर आलेल्या पानांच्या पाठींवर फवारा. मग पाव वळसा फिरवून पुन्हा. मोठ्या कुंडीत एका हाताने फांदी वाकवून दुसऱ्या हाताने फवारावं लागतं.

पुरेसं झालं हे कसं ओळखायचं? पानाची खालची बाजू सगळीकडे ओली चमकली पाहिजे आणि टोकाशी एखादा थेंब लोंबला पाहिजे. दोन-अडीच फुटांच्या टोमॅटोच्या झाडाला यासाठी पाव लिटरभर द्रावण लागतं. चार कुंड्या अर्ध्या लिटरमध्ये उरकल्या असतील तर खालची बाजू कोरडीच राहिली असं समजा. वरून धुक्यासारखं फवारलेलं पाणी झाड ओलं दाखवतं, पण माशीपर्यंत पोचत नाही.

सकाळी फवारावं की संध्याकाळी?

नुसतं साबणाचं पाणी असेल तर उजाडताना. गारव्यात प्रौढ माश्या सुस्त असतात, उडायला वेळ लावतात, आणि पाणी लवकर सुकत नसल्याने साबणाला काम करायला वेळ मिळतो. कडुनिंब असेल तर सूर्य कलल्यावर, कारण उन्हात त्यातला मुख्य घटक लवकर निकामी होतो. शिवाय संध्याकाळी मधमाश्या परतलेल्या असतात. भर दुपारी कधीच नको. आणि झाड सुकलेलं असेल तर आधी पाणी घालून ते तरतरीत होऊ द्या, मग फवारा.

फवारल्यावर पानांच्या कडा तपकिरी झाल्या. आता?

स्वच्छ पाण्याने झाड धुऊन घ्या आणि चार-पाच दिवस काहीच फवारू नका. करपलेला भाग परत हिरवा होत नाही, पण नवी पानं नीट येतात. मात्रा जास्त झाली, ऊन जास्त होतं किंवा साबण चुकीचा होता, यापैकी एक कारण असतं. कोवळी रोपं, नेचे आणि लवदार पानांची झाडं फार नाजूक असतात. कुठलंही नवं मिश्रण आधी दोन पानांवर फवारून चोवीस तास थांबावं. हा एक दिवस वाया गेला असं वाटतं, पण अख्खं झाड जाण्यापेक्षा तो परवडतो.

पिवळे चिकट सापळे लावले तर फवारणीची गरज उरत नाही ना?

उरते. सापळ्यावर फक्त उडणारी प्रौढ माशी येते. अंडी, पिल्लं आणि कोष पानाखालीच राहतात, आणि झाडावरची खरी संख्या त्यांचीच असते. अडकण्याआधी मादीने बरीच अंडी घातलेलीही असतात. त्यामुळे नुसत्या सापळ्यांनी भरलेली कुंडी रिकामी होत नाही.

तरी सापळा लावाच, कारण तो दोन कामं चोख करतो. माशी नुकती आली असेल तेव्हा पानं उलटून बघण्याच्या आधी तो वर्दी देतो. आणि फवारणी सुरू असताना ती कामी येते आहे की नाही हे आकड्यात सांगतो. आमच्या मते सापळ्याची खरी किंमत दुसऱ्या कामात आहे.

रंग पिवळाच हवा. निळे सापळे मुख्यतः फुलकिड्यांसाठी असतात.

सापळा घरी कसा करायचा आणि कुठे लावायचा?

गडद पिवळ्या प्लास्टिकच्या फाइलचं कव्हर वहीच्या अर्ध्या पानाएवढं कापा. त्याला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घट्ट चढवा आणि पिशवीवर दोन्ही बाजूंनी एरंडेल तेलाचा किंवा पांढऱ्या व्हॅसलिनचा पातळ थर द्या. पातळच द्या, जाड थर उन्हात ओघळून पानांवर पडतो. आठवड्याने नुसती पिशवी बदलायची, पिवळा तुकडा तसाच राहतो. रस्त्याकडेच्या बाल्कनीत धूळ बसून चिकटपणा चार-पाच दिवसांतच जातो. बोट लावून बघा, बोटाला ओढ जाणवली पाहिजे.

जागा महत्त्वाची. सापळा काठीला उभा बांधा, त्याची खालची कड झाडाच्या शेंड्याच्या थोडी वर राहील अशी. माशी फार उंच उडत नाही आणि कोवळ्या शेंड्याकडेच जाते. भिंतीवर किंवा छताला टांगलेल्या सापळ्यावर धुळीखेरीज काही मिळत नाही. झाड वाढलं की सापळाही वर सरकवा. जवळजवळ ठेवलेल्या तीन-चार कुंड्यांना एक सापळा पुरतो.

सकाळी सापळा जवळ धरून फांदी हलकेच हलवली तर उठलेल्या माश्यांपैकी बऱ्याच त्यावर बसतात. फवारणीच्या आधी हे जरूर करा.

एक काळजी घ्या. चिकट सापळ्याला मित्रकिडे, मधमाशी आणि पालीची पिल्लंही अडकतात. झाड फुलांनी बहरलेलं असेल आणि मधमाश्या येत असतील तर दिवसा सापळा झाकून ठेवा. पाल अडकली तर ओढू नका. तिच्या पायांखाली थोडं खायचं तेल सोडा, ती सुटते.

फवारणी सुरू केल्यावर सापळ्यावरच्या माश्या वाढल्या. असं कसं?

पहिल्या आठवड्यात असं होऊ शकतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कोष फवाऱ्यातून वाचलेले असतात आणि एकामागून एक फुटत राहतात. शिवाय फवारताना हललेल्या माश्या सापळ्याकडे जातात. आकडा दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी उतरू लागला पाहिजे. तिसऱ्या आठवड्यातही तो उतरत नसेल तर औषध बदलण्याआधी दोन गोष्टी तपासा. पानांच्या पाठी खरंच ओल्या होतात का, आणि शेजारी एखादी न फवारलेली कुंडी आहे का.

मोजणी रोज नको. आठवड्याचा एक वार ठरवा, सापळ्याची एकच बाजू मोजा आणि आकडा कुंडीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

चार-पाच कुंड्यांसाठी पूर्ण तीन आठवडे कसे काढायचे, ते उदाहरणाने सांगाल का?

समजा फेब्रुवारी संपत आलाय आणि पश्चिमेच्या बाल्कनीत टोमॅटोच्या दोन, मिरचीची एक, जास्वंदीची एक आणि तुळशीची एक कुंडी आहे. टोमॅटो हलवला की माश्या उठतात, बाकीच्यांवर तुरळक आहेत.

पहिल्या दिवशी सकाळी टोमॅटोची जमिनीलगतची पिवळी पडलेली पानं काढा. जुनी पिल्लं आणि कोष खालच्या, जुन्या पानांवर असतात आणि अंडी वरच्या कोवळ्या पानांवर, त्यामुळे खालची चार-पाच पानं गेली की तयार होत आलेल्या माश्यांचा मोठा वाटा एकदम जातो. एका वेळी एक चतुर्थांशाहून जास्त पानं काढू नका. काढलेली पानं कंपोस्टमध्ये टाकू नका, त्यावरचे कोष फुटतच राहतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मग कचऱ्यात टाका. त्यानंतर दोन सापळे लावा, एक टोमॅटोंमध्ये, एक मिरची आणि जास्वंदीच्या मध्ये. दुसऱ्या दिवशी उजाडताना साबणाचं सव्वा लिटर पाणी करून पाचही कुंड्या फवारा. ज्यांवर माशी दिसत नाही त्यांवरही फवारायचं.

पाच दिवसांनी, म्हणजे सातव्या दिवशी, संध्याकाळी कडुनिंब, तुळस सोडून. तुळशीला साबणाचंच पाणी, आणि अर्ध्या तासाने स्वच्छ पाण्याने धुवायचं. बाराव्या दिवशी पुन्हा साबण, सतराव्याला कडुनिंब, बाविसाव्याला साबण. अशी आलटून पालटून फवारणी केल्याने पानांवर तेलाचा थर साचत नाही.

टोमॅटोंमधल्या सापळ्यावर पहिल्या आठवड्यात ६० माश्या आल्या, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात २०, चौथ्यात ४, असं चित्र दिसलं तर काम बरोबर चाललंय. चौथ्या आठवड्यानंतर फवारणी थांबवा, सापळे मात्र आणखी तीन आठवडे राहू द्या. आकडा पुन्हा दहाच्या वर गेला तर लगेच एक फेरी सुरू करा, पूर्ण प्रादुर्भावाची वाट पाहू नका.

पानांवर उरलेले रिकामे कोष बघून घाबरू नका, ते बरेच दिवस चिकटून राहतात. भिंगातून रिकाम्या कोषावर टी अक्षरासारखी चीर दिसली तर त्यातून माशी निघून गेलेली आहे. गोल, कातरल्यासारखं भोक दिसलं तर त्यातून परजीवी गांधीलमाशी बाहेर पडली आहे. ती ठिपक्याएवढी असते, माणसाला चावत नाही आणि पांढऱ्या माशीची पिल्लं आतून खाते. अशी भोकं बरीच दिसत असतील तर आमचा सल्ला असा की फवारणी एक आठवडा लांबवा आणि सापळेही काढा.

मिरचीची पानं वर वळून चुरडली आहेत, भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्यात. फवारून सुधारतील का?

भेंडीच्या शिरांचं जाळं पिवळंधमक दिसत असेल तर तो केवडा, आणि तो विषाणू पांढरी माशीच आणते. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट काढा, पण आधी फवारा मारून माश्या खाली पाडा. तसंच उपटलंत तर त्या शेजारच्या झाडावर जातात आणि विषाणूही घेऊन जातात. टोमॅटोची पानं लहान, वाकडी, पिवळसर होऊन झाड खुजं राहिलं तर तोही बहुधा विषाणूच.

मिरचीचं तसं नाही. चुरडा-मुरडा फुलकिडे आणि कोळी यांच्यामुळेही होतो, म्हणून लगेच उपटू नका. पानं उलटून कोण बसलंय ते बघा, त्याप्रमाणे दोन फवारण्या करा. नवी पालवी सरळ आली तर झाड वाचलं. तीही चुरडलेलीच आली तर काढून टाका.

पानांवर आणि बाल्कनीच्या फरशीवर चिकट डाग पडतात, वर काळा थर येतो, मुंग्याही लागतात.

पिल्लं रस पितात आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतात. तो पदार्थ खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. ती पानाच्या आत शिरत नाही, पण ऊन अडवते. साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पानं पुसली की निघते. बुरशीनाशक मारण्यात अर्थ नाही, माशी गेली की बुरशीचं खाणंच बंद होतं. मुंग्या गोडासाठी येतात आणि मित्रकिड्यांना हुसकतात, म्हणून कुंडी विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटलीत ठेवा.

आमच्या कुंड्या नारळाखाली आहेत. पेरू, केळी, कर्दळ, सगळ्यांच्या पानाखाली पांढरी मेणचट वर्तुळं दिसतात.

ही दुसरी जात, चक्राकार पांढरी माशी. तिच्यातली रुगोज ही जात भारतात प्रथम २०१६ साली तमिळनाडूत पोल्लाची भागात नारळावर आढळली, आणि आता कोकण-गोव्यातल्या माडांवरही दिसते. ही भाजीवरच्या माशीपेक्षा बरीच मोठी असते, अंडी गोल फिरत घालते आणि त्यांवर मेण सोडते. मेणामुळे फवारा आतवर पोचत नाही. म्हणून आधी नळीने जोरदार पाणी पानाच्या पाठीवर मारून मेण धुवा, पान सुकू द्या आणि मगच कडुनिंब फवारा.

वरच्या माडावर माशी असेपर्यंत खालच्या कुंड्या पूर्ण स्वच्छ होणार नाहीत. शक्य असेल तर कुंड्याच सरकवा. माडावर कडक कीटकनाशक मारण्याचा आग्रह धरू नका, या माशीला आवरणारी एन्कार्सिया नावाची परजीवी गांधीलमाशी त्यात मरते.

डास मारायचा स्प्रे किंवा दुकानातलं रासायनिक कीटकनाशक मारलं तर एका दमात सुटका होईल?

डासांच्या स्प्रेने उडणाऱ्या माश्या पडतात, पण त्यातल्या द्रावकाने पानं जळतात आणि पिल्लं तशीच राहतात. शेतीच्या कीटकनाशकांबद्दल सांगायचं तर पांढरी माशी त्यांना फार लवकर सरावते, इमिडाक्लोप्रिडसारख्या प्रचलित औषधालाही. पायरेथ्रॉइड गटातली औषधं मित्रकिडे आधी मारतात आणि माशी नंतर अधिक जोमाने वाढते. शिवाय ज्या कुंडीतली मिरची तोडून थेट फोडणीत जाते, तिच्या मातीत मुळांवाटे चढणारं औषध घालणं आम्हाला मान्य नाही.

पावसाळी दमट हवेत मात्र एक चांगला पर्याय आहे. व्हर्टिसिलियम लेकॅनी या बुरशीची भुकटी लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी फवारतात. ती किड्याच्या अंगावर वाढते. कोरड्या उन्हाळ्यात ती रुजत नाही, आणि तिच्या आगेमागे बुरशीनाशक मारलं तर तीच मरते.

फवारलेली भाजी कधी खावी?

साबणाचं पाणी फवारलेली फळभाजी दुसऱ्या दिवशी चोळून धुऊन खाता येते. कडुनिंबानंतर चार-पाच दिवस थांबा. पालेभाजी आणि पुदिन्यावर कडुनिंब नकोच, कडवटपणा पानात राहतो. फवारणीच्या आदल्या दिवशी तयार टोमॅटो आणि मिरच्या तोडून घेतल्या की प्रश्नच मिटतो. जवळ माशांची टाकी असेल तर ती झाका, कडुनिंबाचं तेल माशांना घातक ठरू शकतं.

नर्सरीतून आणलेल्या रोपाबरोबर माशी येऊ नये म्हणून काय करायचं?

विकत घेण्याआधी रोप हलवा आणि खालची तीन पानं उलटून बघा. घरी आणल्यावर इतर कुंड्यांपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खिडकीत, तीन आठवडे ठेवा आणि शेजारी एक छोटा पिवळा सापळा लावा. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, पण ती घेऊन रोप आलं असेल तर तेवढ्या अवधीत सापळा सांगतोच. या काळात युरियासारखं नत्रयुक्त खत देऊ नका, त्याने येणारी लुसलुशीत पालवी माशीला सर्वांत आधी आवडते. दर आठवड्याला सापळा कोरा दिसला तर चौथ्या आठवड्यात रोप इतरांत मिसळा.